बायकोचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन कमी आलंय, डॉक्टरांना मेसेजमध्ये काय लिहू?

प्रश्न: बायकोला सातवा महिना चालू आहे, एचबी ९.१ आणि फेरिटिन ९ आलं. डॉक्टर मॅडमना व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून आयर्नची ड्रिप लावावी लागेल का ते विचारायचं आहे. मेसेज कसा लिहू की त्यांना नीट कळेल? इंदूरला राहतो.

उत्तर:

मी इंदूरलाच एका नर्सिंग होममध्ये ड्यूटी डॉक्टर आहे आणि आमच्या मॅडमच्या फोनवर जे रिपोर्ट येतात ते बहुतेक वेळा आधी मीच उघडते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. नवरे लोकांचा ठरलेला मेसेज असतो, वाकडातिकडा काढलेला रिपोर्टचा फोटो, त्यात अर्धा ट्यूबलाइटचा उजेड, आणि खाली "मॅडम एचबी कमी आहे काय करू". यावर कुठलाही डॉक्टर एकच उत्तर देऊ शकतो, "घेऊन या". कारण नुसत्या ९.१ वरून गोळी की ड्रिप हे ठरतच नाही. ते ठरतं तीन गोष्टींवर, आज कितवा आठवडा आहे, आधीचे आकडे काय होते, आणि आत्तापर्यंत गोळी खरोखर पोटात किती गेली. यातली तिसरी गोष्ट मेसेजमध्ये जवळपास कोणीच लिहीत नाही आणि नेमकी तीच सगळ्यात कामाची असते.

महूचं एक जोडपं होतं, तुमच्यासारखीच केस, त्यांचंच सांगते (ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही). त्या नवऱ्याचा पहिला मेसेज वर लिहिला तसलाच होता. मी त्याला फोन करून एकेक विचारलं आणि म्हटलं आता हे सगळं नीट टाइप करून मॅडमना पाठवा. त्याने पाठवलेला मेसेज साधारण असा:

"नमस्कार मॅडम, तुमच्याकडे फाईल आहे, पहिलंच बाळ आहे, वय २६. पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे आज २९ आठवडे पूर्ण. वजन सुरुवातीला ५२ होतं आता ५९. हिमोग्लोबिन १२व्या आठवड्यात ११.२, २२व्या आठवड्यात ९.८, आणि परवा ८.८. फेरिटिन परवा पहिल्यांदाच केलं ते ७ आलं. एमसीव्ही ७२. तिन्ही वेळा लॅब एकच आहे. ताप, खोकला, लघवीची जळजळ काही नाही. सुरुवातीला थॅलेसेमियाची एचपीएलसी टेस्ट केली होती ती नॉर्मल होती. आयर्नची गोळी १४व्या आठवड्यापासून चालू आहे, पाकिटावर एलिमेंटल आयर्न १०० मिलीग्रॅम लिहिलंय, रोज एक सांगितली होती पण खरं सांगायचं तर आठवड्यातून तीन-चार वेळाच घेते कारण मळमळतं आणि संडासला कडक होतं. घेते ती रात्री जेवणानंतर दुधाबरोबर, कॅल्शियमची गोळीही तेव्हाच. जिना चढताना धाप लागते, बसून असताना नाही. रक्त कुठून जात नाही. बाळाची हालचाल चांगली आहे. दमा किंवा कशाची ॲलर्जी नाही, आयर्नचं इंजेक्शन आधी कधी घेतलेलं नाही. विचारायचं हे होतं की गोळी बदलून बघायची का ड्रिप लावायची, आणि परत टेस्ट कधी करायची. रिपोर्ट खाली पाठवतोय."

हा मेसेज कॉपी करून आपले आकडे टाकलेत तरी चालेल. पण कुठली ओळ कशासाठी आहे ते कळलं तर उत्तरही कळेल, म्हणून पुढे लिहिते.

आठवडा लिहायचा, महिना नाही. "सातवा महिना" म्हणजे घरोघरी वेगळं असतं, कोणी पूर्ण झालेला मोजतं कोणी लागलेला, आणि चार आठवड्यांचा फरक इथे फार मोठा आहे. शिवाय गरोदरपणात रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे मधल्या महिन्यांत हिमोग्लोबिन थोडं उतरतं ते सगळ्यांचंच उतरतं, म्हणूनच पहिल्या आणि शेवटच्या तीन महिन्यांत ११ च्या खाली आणि मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली गेलं तर ॲनिमिया म्हणतात. ७ ते ९.९ हा मध्यम, ७ च्या खाली गंभीर. म्हणजे तुमचं ९.१ आणि त्यांचं ८.८ दोन्ही मध्यम ॲनिमियात बसतात, घाबरून रात्री अकराला फोन करण्यासारखं नाही पण पुढच्या तपासणीपर्यंत राहू द्या म्हणण्यासारखंही नाही.

फेरिटिन म्हणजे कोठीतलं धान्य आणि हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली पोळी. कोठी आधी रिकामी होते, ताट नंतर. गरोदरपणात फेरिटिन ३० च्या खाली असेल तर बहुतेक डॉक्टर लोह कमी आहे असंच धरतात, आणि ७ किंवा ९ म्हणजे कोठीचा तळ खरवडलेला, त्यात शंकेला जागा नाही. उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. अंगात ताप किंवा इन्फेक्शन असेल तर फेरिटिन उगाच वर जातं, म्हणजे ५० आलं म्हणून लोह भरपूर आहे असं म्हणता येत नाही, म्हणून त्या मेसेजमध्ये ताप-खोकल्याची ओळ आहे. आणि हो, फेरिटिन दर पंधरा दिवसांनी करत बसू नका, ते महाग पडतं आणि एकदा ७ आल्यावर पुढे उपचार लागू पडतोय का हे हिमोग्लोबिनवरूनच बघतात.

आधीचे आकडे तारखेसकट का हवेत? कारण ११.२ वरून ८.८ आणि सुरुवातीपासूनच ९ च्या आसपास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात लोह संपत आलंय. दुसऱ्यात, त्यातही एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, खूपच कमी असेल आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल, तर डोक्यात थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, येतो आणि मग नुसतं लोह देत राहण्यात अर्थ नसतो. आपल्या इंदूरकडे सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया बराच बघायला मिळतो आणि झाबुआ-आलिराजपूरच्या बाजूला सिकलसेल, पण मराठी घरात नसतोच असं कोणी समजू नये. थॅलेसेमियाची एचपीएलसी टेस्ट झाली नसेल तर मेसेजमध्ये "झाली नाही" असं लिहा, गाळू नका. एक बारीक गोष्ट, लोह फारच कमी असताना त्या टेस्टमधला एचबीए-टू चा, म्हणजे ज्यावरून थॅलेसेमिया मायनर ओळखतात तो, आकडा थोडा खाली येऊ शकतो, त्यामुळे काठावरचा रिपोर्ट असेल तर डॉक्टर नंतर परत करायला सांगतील, त्याला लॅबची चूक म्हणू नका. आणि बायकोची पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याचीही लगेच करतात, तेव्हा "मला काय झालंय" म्हणून अडून बसायचं नाही.

अंगणवाडीत बोट टोचून काढलेलं हिमोग्लोबिन आणि लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन केलेलं एका रांगेत लिहू नका, लिहिलंत तर कुठलं कशाने केलंय ते सांगा. दोन्हीत सहज अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक पडतो आणि मग वाटतं आठवड्यात वाढलं किंवा पडलं, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं.

आता गोळी. पाकिटावर मोठ्या अक्षरात फेरस अमुक-तमुक लिहिलेलं असतं, ते वजन पूर्ण क्षाराचं. आपल्याला हवं असतं त्यातलं खरं लोह, ते बारीक अक्षरात "एलिमेंटल आयर्न" म्हणून असतं. सरकारी लाल गोळीत ते ६० मिलीग्रॅम असतं (सोबत फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम), ॲनिमिया नसेल तर ती रोज एक आणि ॲनिमिया असेल तर रोज दोन असा सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातला हिशोब आहे. मेडिकलवाल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत १०० असतं. काही घरांत आशाताईने दिलेली लाल गोळी पण चालू असते आणि डॉक्टरांची पण, आणि दोघांनाही एकमेकींचं माहीत नसतं, म्हणून दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवा, मागच्या बाजूचे.

आणि ती कशी घेतली जाते ते खरं लिहा हो. बायकोला बाजूला बसवून विचारा, रागावून नाही, नाहीतर ती "घेते ना रोज" म्हणणार आणि गोळ्या ब्लाउजच्या कप्प्यात सापडणार. महूच्या त्या घरी सासूबाई रोज रात्री प्रेमाने ग्लासभर दूध द्यायच्या आणि त्याच दुधाबरोबर आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही. कॅल्शियम आणि दूध दोन्ही लोहाला आतड्यात आत शिरू देत नाहीत, चहा-कॉफी तर त्याहून, म्हणजे आठवड्यातून ज्या तीन-चार गोळ्या जात होत्या त्यांतलंही फार थोडं लागू पडत होतं. असं असताना "गोळीने काही होत नाही, ड्रिप लावा" म्हणणं घाईचं होतं, कारण गोळीला अजून संधीच मिळालेली नव्हती.

मॅडमनी म्हणून आधी ड्रिप दिली नाही. त्यांनी मला सांगितलं ते मी त्या जोडप्याला कळवलं, सकाळी चहाच्या निदान तासभर आधी, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर एक गोळी. मळमळलं तर पोह्यांनंतर दोन तासांनी, पण चहाबरोबर नाहीच. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, दूधही रात्रीच. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून दूध बंद नाही केलं फक्त गोळी तिथून हलवली. दिवसातून दोन-तीनदा घेण्यापेक्षा एकदाच का, तर लोहाचा एक डोस गेला की शरीर साधारण दिवसभर पुढचं लोह आत घ्यायचं दार ओढून घेतं, म्हणून काही डॉक्टर तर त्रास होणाऱ्या बाईला दिवसाआड देतात. हे आपलं आपण ठरवायचं नाही, पण "रोज झेपत नाही, दिवसाआड चालेल का" हे विचारण्यात लाज नाही. संडास काळी होते ती आयर्नने होते, तेवढ्यासाठी गोळी थांबवू नये.

मग पंधरा दिवसांनी परत सीबीसी, हे का पंधरा दिवस? गोळी नीट लागू पडली तर दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वर यायला हवं. आणि २९ व्या आठवड्यात हातात अजून दहा-अकरा आठवडे होते, म्हणून दोन आठवडे गोळीला देणं परवडत होतं. हीच बाई ३५ व्या आठवड्यात आली असती तर मॅडमनी गोळीची वाट बघितली नसती. उत्तर आठवड्यावर ठरतं म्हणते ते यासाठी.

त्यांचं ३१ व्या आठवड्यात ९.० आलं. गोळी या वेळी रोज जात होती, नवरा स्वतः देत होता, तरी दोन दशांश वाढ. उलट्या दोनदा झाल्या होत्या, सकाळी उपाशीपोटी झेपत नव्हतं. तेव्हा मॅडम म्हणाल्या आता शिरेतून देऊ. किती द्यायचं त्याचा एक जुना हिशोब आहे, सुरुवातीचं वजन गुणिले कमी पडलेलं हिमोग्लोबिन गुणिले २.४, त्यात कोठी भरायला ५०० मिळवायचे:

```
५२ × (११ − ९) × २.४ + ५०० = ७४९.६ मिलीग्रॅम
```

म्हणजे साडेसातशेच्या आसपास. वजन आत्ताचं नाही, गरोदर राहण्याआधीचं किंवा पहिल्या तपासणीचं, म्हणून मेसेजमध्ये दोन्ही वजनं लिहिलेली. हे देण्याचे दोन रस्ते. आयर्न सुक्रोज, हे एका वेळी २०० च देतात, एक दिवस सोडून, म्हणजे चार खेपा. किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, जे एका बसणीत १००० पर्यंत देता येतं, पंधरा-वीस मिनिटांत सलाईनमधून. दुसरं महाग पडतं. पण महूहून चार वेळा गाडी करून येणं, नवऱ्याची चार दिवसांची रजा, याचा हिशोब केल्यावर त्यांनी एकाच वेळी घेतलं. इंदूरमध्येच राहणाऱ्याला सुक्रोजही बरं पडतं. दोन्हीही पहिले तीन महिने देत नाहीत, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

ड्रिप कुठे लावायची यावर मात्र मी जरा कडक आहे. घरी येऊन बाटली लावून देणारे लोक आपल्याकडे प्रत्येक कॉलनीत आहेत, ग्लुकोजची लावतात तशी आयर्नचीही लावतात. हे करू नका. ॲलर्जीची रिॲक्शन क्वचित येते, पण आली तर मिनिटांत बीपी पडतं आणि तिथे डॉक्टर, ऑक्सिजन, इंजेक्शन सगळं हाताशी लागतं, बाळाचे ठोकेही बघावे लागतात. ड्रिप संपल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात त्याचं कारण हेच, तो अर्धा तास "आम्ही निघतो, ट्रॅफिक लागेल" म्हणून कापू नका. सुई टोचलेल्या जागी जळजळ किंवा फुगल्यासारखं वाटलं तर बायकोने लगेच सांगायचं, शिरेबाहेर आयर्न गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन् महिने जात नाही.

ड्रिपनंतर आयर्नची गोळी काही दिवस बंद ठेवतात, फॉलिक ॲसिड चालूच. परत कधी सुरू करायची ते निघतानाच विचारून घ्या, नाहीतर बंद ती बंदच राहते. आणि दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन तपासायला धावू नका, लोह मिळाल्यावर पेशी बनायला वेळ लागतो, फरक दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. त्या बाईंचं ३५ व्या आठवड्यात १०.४ झालं होतं. अकरा नाही झालं, पण बाळंतपणात रक्त जातं ते सोसायला ८.८ आणि १०.४ यांत पुष्कळ फरक आहे. बाळंतपणानंतरही गोळी सहा महिने चालू ठेवायची असते, सरकारी कार्यक्रमात १८० दिवस दिलेत, आणि नेमकी तीच सगळे विसरतात कारण तोवर सगळं घर बाळाकडे बघत असतं.

पालक, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे हे जरूर द्या पण मेसेजमध्ये "आहार वाढवलाय" लिहून त्याच्या भरवशावर राहू नका. पूर्ण गरोदरपणात मिळून हजार मिलीग्रॅमच्या घरात लोह लागतं आणि सातव्या महिन्यात रिकामी झालेली कोठी बिटाच्या कोशिंबिरीने भरत नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ बद्दल मात्र विचारा, ते सोबत कमी असलं तर लोह देऊनही हिमोग्लोबिन अडून बसतं, आणि एमसीव्हीही मग नॉर्मल दिसून फसवतो.

काही गोष्टी मेसेजच्या नाहीतच. बसल्याजागी धाप, छातीत धडधड थांबत नाही, चक्कर येऊन पडली, अंगावरून रक्त गेलं, किंवा बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय, तर फोन करत करत निघायचं, ब्लू टिकची वाट बघायची नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली आलं तरी तसंच, त्याच दिवशी दवाखाना, आणि ५ च्या खाली असेल तर ॲडमिट करून रक्त चढवण्याची तयारी.

तुमच्याबद्दल, फेरिटिन ९ आहे म्हणजे लोह कमी हे नक्की, ते विचारण्यात मेसेज खर्च करू नका. आज किती आठवडे झाले, एमसीव्ही किती, आणि गोळी कधी कशाबरोबर घेते एवढं शोधा, वरच्या मेसेजमध्ये भरा आणि सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी पाठवा, दुपारी पाठवलेला रात्रीपर्यंत खाली जातो. रिपोर्टचा फोटो काढण्यापेक्षा लॅबकडून पीडीएफ मागा. आणि खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तिथेही हीच माहिती विचारतात, तेव्हा हाच मेसेज फोनमध्ये ठेवून दाखवला तरी काम होतं.